आद्याक्षरे, अंत्याक्षरे आणि एकाआड एक: गूढ शब्दकोड्यातली ‘अक्षरवेच’ बीडच्या तालुक्यांच्या मदतीने

नाव गोड, चव अळणी, शेवटी बीड जिल्ह्यातला तालुका (4)

ही ओळ वाचून एखाद्या फसलेल्या मिठाईची तक्रार आठवते. गूढ शब्दकोड्यात, म्हणजे क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्ये, मात्र हे एक पूर्ण शोधसूत्र आहे आणि त्याचे उत्तर त्यातच लिहिलेले आहे. ‘नाव’ या शब्दाचे शेवटचे अक्षर व. ‘गोड’चे ड. ‘चव’चे पुन्हा व. ‘अळणी’चे णी. ओळीने ठेवले की वडवणी. बीड जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांपैकी हा एक, आणि चौकटीही चारच.

वर्तमानपत्रातल्या साध्या कोड्यात ‘बीड जिल्ह्यातला तालुका’ एवढेच दिलेले असते. मग आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे मिळेपर्यंत वडवणी की गेवराई याचा निकाल लागत नाही. गूढ कोड्यात सूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात उत्तर अक्षरे जुळवून कसे तयार होते त्याची कृती असते. कृतीत पुन्हा दोन गोष्टी असतात: ज्यातून अक्षरे घ्यायची तो कच्चा माल, आणि कोणती अक्षरे घ्यायची ते सांगणारा सूचक शब्द. वरच्या सूत्रात ‘बीड जिल्ह्यातला तालुका’ हा अर्थ, ‘नाव गोड, चव अळणी’ हा कच्चा माल आणि ‘शेवटी’ हा सूचक. कंसातला आकडा चौकटींचा.

गूढ सूत्रांचे प्रकार बरेच आहेत. काहींत अक्षरांची उलटापालट करायची असते, काहींत शब्द उलटा वाचायचा, काहींत एका शब्दाच्या पोटात दुसरा घालायचा. या लेखात फक्त एक प्रकार घेतला आहे, तो म्हणजे शब्दांतून ठरावीक जागेवरची अक्षरे वेचणे. ही जागा पहिली असते, शेवटची असते किंवा एक सोडून एक असते. नवशिक्याला सगळ्यात लवकर जमणारा प्रकार हाच, कारण यात कच्च्या मालाच्या अर्थाशी काहीही देणेघेणे नसते. मिठाई गोड आहे की अळणी याने काही बिघडत नाही.

हा खेळ इंग्रजीतून आला. ब्रिटनच्या दैनिकांत आणि भारतात ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी दैनिकात अशी कोडी नेमाने येतात. त्यातले ‘रास्त काय आणि लबाडी काय’ याचे नियम ज्यांनी पक्के केले त्यांत ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांचे नाव पुढे येते. या कलेवरचे त्यांचे पुस्तक 1966 साली निघाले. त्यांच्या पंथाचे म्हणणे थोडक्यात असे: कोडे रचणाऱ्याने वाचकाला खुशाल चकवावे, पण सूत्र शब्दशः वाचले तर त्यात कृती बरोबर सांगितलेली असलीच पाहिजे. मराठीत सूत्र रचायला बसले की हा नियम पाळणे इंग्रजीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी अवघड जाते. ती ठिकाणे बघण्यासारखी आहेत.

आधी ‘अक्षर’ म्हणजे काय ते ठरवा

इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक लिपिचिन्ह बसते. मराठी कोड्यात एका चौकटीत अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच चौकटीत. अंबाजोगाई पाच चौकटींची: अं, बा, जो, गा, ई. आष्टी दोनच चौकटींची: आ, ष्टी. मोबाइलवर लिहिताना खोडण्याची कळ एकदा दाबली की ‘ष्टी’ची फक्त वेलांटी जाते आणि ‘ष्ट’ उरते, कारण फोनच्या आत स्वरचिन्ह वेगळे साठवलेले असते. कोड्यात तसे चालत नाही. म्हणून फोनवरच्या एखाद्या साध्या अक्षरमोजणीवर विसंबून सूत्र रचले तर ते हमखास चुकते.

याचा थेट परिणाम अक्षरवेचीवर होतो. हे सूत्र पाहा:

माझा जन्म लहान गावातल्या वाड्यात, आरंभीच सिंदफणेवरचे धरण (5)

रचणाऱ्याच्या मनात माजलगाव आहे. सिंदफणा नदीवरचे धरण त्याच नावाने ओळखले जाते. ‘आरंभीच’ हा सूचक पहिली अक्षरे घ्यायला सांगतो. मा, ज, ल, गा... आणि ‘वाड्यात’चे पहिले अक्षर वा. जुळले ते ‘माजलगावा’. रचणारा म्हणेल, “व तर आहे ना, कान्याकडे कशाला बघता?” पण हाच रचणारा ‘माझा’मधून मा घेताना काना सोबत घेतो आणि ‘वाड्यात’मधून घेताना काना टाकून देतो. सोडवणाऱ्याला यातले काय केव्हा करायचे ते कळायला काहीच मार्ग नाही. दुरुस्ती एका शब्दाची आहे:

माझा जन्म लहान गावातल्या वस्तीत, आरंभीच सिंदफणेवरचे धरण (5)

आता मा, ज, ल, गा, व. सूत्र नीट बसले. काटेकोर माणूस तरीही नाक मुरडेल, कारण उत्तरात ‘गाव’ आहे आणि कच्च्या मालातही ‘गाव’ उघडा पडला आहे. ते चूक नाही, पण अंगावरचा एक डाग आहे एवढे खरे.

ऱ्हस्व-दीर्घाचेही असेच. धारूरमधला रू दीर्घ आहे, म्हणून ‘रुमाल’ किंवा ‘रुपया’ चालणार नाही. ‘रूपा’ चालेल:

धाकट्या रूपाचे रडणे सुरू होताच गाठले किल्ल्याचे गाव (3)

धा, रू, र. धारूरचा किल्ला प्रसिद्ध आहे, म्हणून ‘किल्ल्याचे गाव’. ‘गाठले’ हा शब्द कृती आणि अर्थ यांना जोडणारा दुवा आहे: ही कृती केली की हे उत्तर गाठता येते. असे दुव्याचे शब्द चालतात, मात्र ते एकदोनच हवेत.

पहिल्या अक्षराचे सूचक

पहिली अक्षरे मागणारे सूचक मराठीत मुबलक आहेत. आधी, आरंभी, सुरुवातीला, पहिल्यांदा, सुरू होताच हे सरळ. शब्दाला शरीर किंवा वस्तू मानले की आणखी सुचतात: तोंड, डोके, मुख, दार, उंबरठा. क्रियापदेही चालतात. उदाहरणार्थ ‘उघडणे’:

बीजांचे डबे उघडताच मराठवाड्यातला जिल्हा (2)

बी आणि ड. डबा उघडला की वर जे दिसते ते पहिले अक्षर, ही कल्पना सोडवणाऱ्याला पटते आणि सूत्र वाचायलाही ओढून-ताणून केलेले वाटत नाही.

सूचक ओळखण्याची एक खात्रीची कसोटी आहे. सूत्रातले लागोपाठचे शब्द मोजायचे आणि कंसातल्या आकड्याशी ताडून बघायचे. पाच चौकटी आहेत, लागोपाठ पाच शब्द थोडे विचित्र रीतीने एकत्र आले आहेत आणि शेजारी ‘आधी’ किंवा ‘शेवटी’ असे काही आहे, तर अक्षरवेचीचा संशय घ्यायला हरकत नाही. हे वापरून पुढचे सूत्र पायरीपायरीने सोडवता येते:

आधी अंगणात बाबा जोशात गायले ईदला: आद्यकवीचे गाव (5)

इथे ‘पहिले’ या अर्थाचे दोन शब्द आहेत, ‘आधी’ आणि ‘आद्य’. सूचक कोणता? ‘आद्य’ सूचक मानला तर त्याच्या उजवीकडे ‘कवीचे गाव’ एवढे दोनच शब्द उरतात, चौकटी पाच आहेत. ‘आधी’ सूचक मानला तर त्याच्यापुढे अंगणात, बाबा, जोशात, गायले, ईदला असे नेमके पाच शब्द येतात. त्यांची आद्याक्षरे अं, बा, जो, गा, ई. अंबाजोगाई. मग उरलेले ‘आद्यकवीचे गाव’ हा अर्थ. ‘विवेकसिंधु’ लिहिणारे मुकुंदराज यांना मराठीचे आद्यकवी म्हणतात, ग्रंथाचा काळ परंपरेने शके 1110 म्हणजे 1188 मानला जातो, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवली जाते. म्हणजे ‘आद्य’ हा शब्द सूचकासारखा दिसतो, पण तो अर्थाच्या पोटात आहे. असा चकवा रास्त असतो, कारण सूत्र शब्दशः वाचले की बरोबरच निघते.

‘ईदला’ वाक्याच्या शेवटी का आले, असा प्रश्न मराठी कानाला पडेल. उत्तराचे शेवटचे अक्षर ई आहे आणि ई ने सुरू होणारे रोजच्या वापरातले शब्द अगदी थोडे आहेत: ईद, ईश्वर, ईर्षा, असे बोटांवर मोजण्याइतके. ई ने संपणारे मात्र ढीगभर आहेत. आई, ताई, घाई, महागाई. पण ते इथे उपयोगाचे नाहीत, कारण सूचक एकदा ‘आधी’ ठरला की सगळ्या शब्दांचे पहिलेच अक्षर घ्यावे लागते.

काही अक्षरे शब्दाच्या पुढे येतच नाहीत

परळी हे नाव आद्याक्षरांनी देऊन बघितले की भिंत लागते. प आणि र सोपे, पण ळी? ळ ने सुरू होणारा मराठी शब्दच नाही. ण चेही तसेच, जैनांचा णमोकार मंत्र हा एक अपवाद सोडला तर. ‘ष्टी’सारख्या जोडाक्षरानेही शब्द सुरू होत नाही. म्हणजे परळी, वडवणी आणि आष्टी ही तीन नावे आद्याक्षरांच्या सूत्रात बसतच नाहीत. ळ आणि ण मराठीत शब्दाच्या मधे आणि शेवटी राहतात, म्हणून अशा उत्तरांसाठी सूत्र शेपटाकडूनच रचावे लागते. वडवणीचे सूत्र वर येऊन गेले. परळीचे असे होऊ शकते:

झोप मोडणार सकाळी, शेवटी वैजनाथाचे गाव (3)

प, र, ळी. परळीतले वैजनाथाचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते आणि रात्रीच्या गाडीने तिथे उतरणाऱ्याला ही ओळ खोटी वाटणार नाही. ‘शेवटी’ हा सूचक दोन्ही बाजूंच्या मधे उभा आहे, तेव्हा तो डावीकडच्या शब्दांना लागू की उजवीकडच्या, हे पुन्हा मोजून ठरते. उजवीकडे ‘वैजनाथाचे गाव’ हे दोन शब्द, डावीकडे तीन. चौकटी तीन.

शेवटच्या अक्षराचे सूचक असे: शेवटी, अखेर, सरतेशेवटी, शेपूट, शेंडा, तळ, पायथा. यातले ‘शेंडा’, ‘तळ’ आणि ‘पायथा’ जपून वापरायला हवेत. उभ्या शब्दात तळाचे अक्षर शेवटचे असते, हे बरोबर. आडव्या शब्दाला मात्र तळ नसतो, आणि शेंडा म्हणजे वरचे टोक धरले तर उभ्या शब्दात ते पहिले अक्षर ठरते. ‘मूळ’ या शब्दाचीही हीच पंचाईत. मूळ म्हणजे आरंभ आणि मूळ म्हणजे झाडाचा तळही. दोन्ही वाचने सारखीच खरी असतील तर तो सूचक नसलेलाच बरा.

शेवटच्या अक्षरांच्या सूत्रात खरी अडचण येते ती विभक्तीची. मराठीत शब्दाला जे चिकटायचे ते बहुतेक मागून चिकटते. चा, ची, चे, ला, ने, त, शी, हून. समजा रचणाऱ्याला ‘स’ हे अक्षर हवे आहे आणि त्याने ‘पावसाचा शेवट’ असे लिहिले. त्याच्या मनात ‘पाऊस’ आहे. कागदावर मात्र ‘पावसाचा’ आहे आणि त्याचे शेवटचे अक्षर चा आहे. सोडवणाऱ्याने कागदावरचा शब्द बघायचा की मनात प्रत्यय सोलून मूळ शब्द काढायचा? इंग्रजीत हा प्रश्न जवळजवळ येत नाही, कारण तिथे ‘चा’चे काम वेगळा शब्द करू शकतो आणि मूळ शब्द अभंग राहतो. मराठीत सगळ्यात स्वच्छ उपाय एकच: छापलेला शब्द जसा आहे तसा धरायचा. मग सूचकाला विभक्तीने न बांधता बाजूला उभे करायचे. ‘शेवटी’, ‘अखेर’ यांचा फायदा हाच आहे. ते स्वल्पविरामानंतर येतात आणि आधीच्या शब्दांचे रूप बदलायला लावत नाहीत. ‘नाव गोड, चव अळणी’मधले चारही शब्द साध्या रूपात राहिले ते त्यामुळे.

प्रत्यय कधी मदतीलाही येतो. ‘सकाळी’तला ळी मुळात ‘सकाळ’ला ई लागून झालेला आहे. ‘मोडणार’चा र क्रियापदाच्या रूपातून आला. उलट उत्तरात ‘ज’ किंवा ‘ग’ असे प्रत्ययात न येणारे अक्षर असले, तर रचणाऱ्याला मुद्दाम तसा संपणारा साधा शब्द शोधावा लागतो आणि वाक्यात तो विभक्तीशिवाय बसवावा लागतो. मराठीत शेवटच्या अक्षरांची सूत्रे पहिल्यापेक्षा कमी दिसतील आणि जी दिसतील त्यांत म्हणी-वाक्प्रचारांसारखी क्रियापद नसलेली तुटक वाक्ये जास्त असतील, ते याच कारणाने.

पहिले अक्षर त्या मानाने सुरक्षित असते, पण पूर्ण नाही. ‘फूल’चे ‘फुलाचे’ होते, ‘गूळ’चा ‘गुळाचा’, ‘मूल’चे ‘मुलाचे’. पुढे प्रत्यय लागला की आतला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. ‘गुळाचे तोंड’ असे लिहून ‘गू’ काढता येणार नाही, गु निघेल. सर्वनामे तर ओळखूच येत नाहीत: ‘मी’चे ‘मला’ आणि ‘तो’चे ‘त्याला’. इथेही नियम तोच, छापलेले रूप खरे.

एक सोडून एक

तिसरा प्रकार एकाआड एक अक्षरांचा. यात शब्दांच्या सीमा विसरायच्या, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे सोडून द्यायची, सगळी अक्षरे एका माळेत ओवायची आणि एक घ्यायचे, एक टाकायचे.

एकाआड एक पायरी गाळत गेली वर राजाई: गोदाकाठचा तालुका (4)

‘एकाआड एक पायरी गाळत’ हा सूचक. कच्चा माल ‘गेली वर राजाई’. माळ अशी: गे, ली, व, र, रा, जा, ई. सात अक्षरे. पहिले, तिसरे, पाचवे आणि सातवे घेतले की गे, व, रा, ई. गेवराई. दुसऱ्यापासून सुरू केले असते तर ली, र, जा अशी तीनच मिळाली असती आणि चौकटी चार आहेत. माळेत विषम संख्येने अक्षरे असली की सुरुवात कुठून करायची हे कंसातला आकडाच सांगतो.

या सूत्राच्या शेवटी ‘गोदाकाठच्या तालुक्यात’ लिहिण्याचा मोह होतो, कारण राजाई कुठेतरी चढत गेली हे वाक्य मग नीट पुरे होते. पण ‘गोदाकाठच्या तालुक्यात’ या अर्थाचे उत्तर ‘गेवराईत’ असे पाच अक्षरी होईल. अर्थाचा भाग ज्या रूपात आहे त्याच रूपात उत्तर यायला हवे. म्हणून वाक्य थोडे तुटक राहिले तरी ‘गोदाकाठचा तालुका’च बरा.

माळ सम संख्येची असली तर भानगड होते:

दिवसाआड केली जमा: बीडमधला तालुका (2)

नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या कुठल्याही गावात ‘दिवसाआड’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही आणि सूचक म्हणून तो अस्सल मराठी आहे. माळ आहे के, ली, ज, मा. विषम जागा घेतल्या तर केज, सम जागा घेतल्या तर लीमा. दोन्ही दोन अक्षरी. इथे आकडा मदत करत नाही, अर्थ करतो: बीडमध्ये केज तालुका आहे, लीमा नाही. उत्तर एकच निघते म्हणून सूत्र चालून जाते, पण रचणारा दक्ष असेल तर ‘विषम’ किंवा ‘सम’ असा शब्द वापरून शंकाच ठेवणार नाही. ‘विषम परिस्थितीत’ आणि ‘समसमान’ यांसारखे बोलीत रुळलेले प्रयोग त्यासाठी तयारच आहेत.

एकाआड एकची माळ हाताने बनवायची तर रीत सोपी आहे. उत्तराची अक्षरे मधे एकेक रिकामी जागा सोडून कागदावर लिहायची: गे _ व _ रा _ ई. मग रिकाम्या जागा भरून, आणि शब्द कुठे तोडायचे ते बदलून बघून, अर्थ लागतो का ते पाहायचे. ‘गेला’, ‘गेली’, ‘गेले’ चटकन सुचतात. ‘वर’ही. अडते ते ‘रा _ ई’पाशी. राजाई, राधाई अशी बाईची नावे तिथे बसतात. राजाई हे संत नामदेवांच्या पत्नीचे नाव म्हणून मराठी वाचकाला ओळखीचे, म्हणून ते घेतले.

याच कुळातला एक धाकटा प्रकार फक्त दोन टोकांचा. आष्टी त्याने सुटते:

आजीच्या गोष्टी, नुसती टोके: नगर–बीड रेल्वेमार्गावरचे गाव (2)

‘आजीच्या गोष्टी’ या सबंध शब्दजोडीचे पहिले अक्षर आ, शेवटचे ष्टी. सूत्रात ‘गोष्टींची टोके’ असे लिहिले असते तर ष्टी गेला असता आणि ची आला असता. पुन्हा तीच विभक्ती.

घ्यायचे की टाकायचे

सोडवताना सगळ्यात जास्त गफलत होते ती वेचणे आणि छाटणे यांत. ‘शेवटी’ म्हणजे शेवटचे अक्षर घ्या. ‘शेवट नसलेला’, ‘अधुरा’, ‘शेपूट तुटलेला’ म्हणजे शेवटचे अक्षर टाका आणि बाकीचा शब्द ठेवा. ‘तोंड’ घ्यायला सांगते, ‘बिनडोक’ पहिले अक्षर उडवायला सांगते. दोन्हींत शरीराचे अवयव तेच, म्हणून घाईत उलटे वाचले जाते. ओळखण्याची खूण पुन्हा शब्दसंख्येत आहे: वेचीत सहसा जितक्या चौकटी तितके शब्द लागतात, तर छाटणीत बहुधा एकच शब्द असतो आणि त्याची लांबी उत्तरापेक्षा एकाने जास्त असते.

कच्च्या मालातले ‘आणि’, ‘व’, ‘तर’, ‘ही’ हे बारके शब्दही शब्दच असतात. ‘आधी’ म्हटले की त्यांचेही आद्याक्षर घ्यावे लागते. रचणाऱ्याने वाक्य गुळगुळीत करायला मधे एखादा ‘आणि’ टाकला आणि उत्तरात त्याचा आ नाही, तर सूत्र फुटले. सोडवणाऱ्याला हे उपयोगी पडते. लागोपाठच्या शब्दांत कुठेही भरतीचा शब्द दिसत नाही, सगळे थोडे कोरडे आणि ठासून बसवलेले आहेत, असे वाटले की तिथे अक्षरे वेचायची असण्याची शक्यता वाढते.

क्वचित असे सूत्र जमते की कृती आणि अर्थ वेगळे काढताच येत नाहीत. सबंध ओळ कृतीही असते आणि अर्थही. रचणाऱ्यांमध्ये याला सगळ्यात वरचा मान आहे आणि असे सूत्र वारंवार साधत नाही. मराठीतले एक छोटे उदाहरण:

आपल्या ईश्वराचा आरंभ (2)

‘आरंभ’ सूचक धरला की ‘आपल्या’चे आ आणि ‘ईश्वराचा’चे ई मिळते. ‘आई’ हा अर्थ वेगळा लिहिलेला नाही, कारण सबंध ओळच तिचे वर्णन आहे. काटेकोर माणूस म्हणेल की व्याकरणाने आरंभ फक्त ईश्वराचा आहे, ‘आपल्या’चा नाही, म्हणून आ ला आधार नाही. त्याचे बरोबर आहे. धारूरच्या सूत्रात ‘रडणे सुरू होताच’ हेही व्याकरणाने एकट्या ‘रडणे’ला लागते, तरी तीनही शब्दांना लावून घेतले जाते. इंग्रजीत अनेकवचनी सूचक वापरून ही फट बुजवतात. मराठीत ‘आधी’, ‘शेवटी’ यांसारखी वचन नसलेली अव्यये वापरली तर फट राहतच नाही.